दर गुरुवारी १८९ रुपये जातात, पण प्ले स्टोअरची यादी रिकामी

कृष्णाकाठ | १७ मे २०२५, रात्री ९.४०

मंडळी, जरा डोकं लावा.

वडील (आम्ही अण्णा म्हणतो, वय ७१) मिरजेला असतात, मी पुण्यात. काल गेलो तेव्हा त्यांनी पासबुक भरून आणलेलं होतं. चाळताना दिसलं की ६ मार्चपासून दर गुरुवारी १८९ रुपये जातायत. परवाची, म्हणजे १५ मेची नोंद अकरावी. एकूण २,०७९ रुपये. नोंदीत यूपीआय आणि गुगल प्ले एवढंच कळतं, कुठल्या ॲपचे ते नाही. अण्णा म्हणतात, "मी काही विकत घेतलेलं नाही."

त्यांच्या फोनवर प्ले स्टोअर उघडून, वर उजवीकडच्या गोल चित्रावर टिचकी मारून `Payments & subscriptions` आणि त्यात `Subscriptions` पाहिलं. एकही नोंद नाही. सगळी ॲप्सही तपासली, संशयास्पद काही सापडलं नाही. मग पैसे जातायत कुठे? फोन हॅक झालाय का?

---

सदाशिवपेठी | १७ मे, रात्री ९.५२

हॅक वगैरे काही नाही. हॅकर दर आठवड्याला शिस्तीत १८९ रुपये नेत नाही, एकदाच सगळं नेतो.

ज्या यूपीआय ॲपनं अण्णा पैसे देतात ते उघडा. प्रोफाइलमध्ये `Autopay` सापडेल. तिथे गुगल प्लेच्या नावाचा मॅन्डेट, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी, असेल, तो रद्द करा. दोन मिनिटांचं काम. प्ले स्टोअरमध्ये शोधत बसायची गरजच नाही.

---

भाऊ_ठाणेकर | १७ मे, रात्री १०.०५

माझंही असंच झालं होतं. दर महिन्याला रिचार्जमधून ३० रुपये कापायचे. शेवटी कळलं की कॉलर ट्यून लागलेली होती, बायकोनं फोन करताना स्टार दाबला होता. १५५२२३ ला फोन करून बंद केली. तुम्हीपण लावून बघा, फुकट आहे.

---

मधुमालती | १७ मे, रात्री १०.११

भाऊ, ते सिमच्या बॅलन्समधून जाणाऱ्या सेवांसाठी. इथे पैसे बँकेतून जातायत, तिथे त्या नंबरचा उपयोग नाही.

कृष्णाकाठ, अण्णांनी एखादं ॲप मध्ये काढून टाकलंय का? ॲप काढलं म्हणजे वर्गणी बंद झाली असं पुष्कळांना वाटतं. माझ्या सासूबाईंनी व्यायामाचं ॲप काढून टाकल्यावरही पाच महिने पैसे भरले.

---

डोंगरवाट | १७ मे, रात्री १०.४८

आधी विचारतो: हा फोन अण्णांकडे कधीपासून आहे? आणि त्यात गुगलचं खातं कोणी उघडून दिलं?

विचारायचं कारण असं की प्ले स्टोअरमधली वर्गणी फोनला चिकटलेली नसते आणि ॲपलाही नसते. ज्या जीमेल खात्यानं ती घेतली, त्या खात्याला चिकटलेली असते. तुम्ही पाहिलेली यादी त्या क्षणी प्ले स्टोअरमध्ये जे खातं निवडलेलं होतं त्याची. वर्गणी दुसऱ्या खात्यावर असेल तर ही यादी रिकामीच दिसणार. ती खोटं बोलत नाही, तुम्ही चुकीच्या माणसाला विचारताय.

वरच्या त्याच गोल चित्रावर टिचकी मारली की नावापुढे खाली जाणारा बाण दिसतो. तो दाबून फोनवरची बाकीची खाती बघा आणि प्रत्येकावर जाऊन यादी पुन्हा उघडा. प्रत्येक खात्याच्या जीमेलमध्ये हे शोधा:

```
from:googleplay-noreply@google.com
```

पैसे कापले की पावती त्याच खात्याच्या मेलवर येते. पासबुकात नसलेलं ॲपचं नाव तिथे असतं, आणि `GPA` पासून सुरू होणारा ऑर्डर नंबरही. ज्या मेलपेटीत या पावत्या आहेत, तेच खातं.

सदाशिवपेठींनी सांगितलेला मॅन्डेट आज नुसता बघा. रद्द करू नका. का ते उद्या सांगतो, आता झोप आलीय.

---

सदाशिवपेठी | १७ मे, रात्री १०.५५

का करू नको? पैसे थांबवणं महत्त्वाचं की पावत्या वाचणं?

---

कृष्णाकाठ | १८ मे, सकाळी ८.२०

फोनवर एकच खातं आहे. मीच पाडव्याला नवीन फोन घेऊन दिला तेव्हा उघडलेलं. जीमेलमध्ये प्ले स्टोअरची एकही पावती नाही.

पण डोंगरवाट, तुमच्या प्रश्नावरून एक आठवलं. जुना फोन अण्णांनी २०२१ मध्ये मिरजेतल्याच एका मोबाइलच्या दुकानातून घेतला होता. तेव्हा दुकानातल्या पोरानंच जीमेल काढून दिलं. पत्ता काय, पासवर्ड काय, अण्णांना माहीत नाही. पाडव्यानंतर तो फोन ताईच्या मुलाला कोल्हापूरला दिला, गेम खेळायला. रीसेट केल्याचं मला आठवत नाही.

यूपीआय ॲपमध्ये मॅन्डेट पाहिले. दोन आहेत. दोन्हींवर गुगल प्ले. ॲपचं नाव एकावरही नाही.

---

सदाशिवपेठी | १८ मे, सकाळी ८.३१

दोन्ही उडवा.

---

डोंगरवाट | १८ मे, सकाळी ९.१५

उडवू नका! एकेकाचा तपशील उघडा. किती दिवसांनी पैसे जाणार, कमाल रक्कम किती आणि सुरुवात कधी झाली, ते तिथे असतं. कमाल रक्कम बघून घाबरू नका. मॅन्डेटवर "इतक्या रुपयांपर्यंत" असा आकडा असू शकतो आणि तो खऱ्या वर्गणीपेक्षा बराच मोठा असू शकतो.

आता काल अर्धवट राहिलेलं. सदाशिवपेठी निम्मे बरोबर आहेत. मॅन्डेट रद्द केला की त्या वाटेनं पैसे जाणं थांबतं. उद्या पैसे कापले जाणार असतील आणि खातं सापडत नसेल, तर मीही तेच करीन. पण प्ले स्टोअरच्या दृष्टीनं वर्गणी तेव्हा रद्द झालेली नसते, हप्ता थकलेला असतो. मग ते काही दिवस सवलतीचे देतात, पुन्हा वसूल करून बघतात आणि फोनवर "पेमेंट दुरुस्त करा" अशा सूचना पाठवतात. त्या खात्यात दुसरी पेमेंट पद्धत बॅकअप म्हणून लावलेली असेल तर तिकडून वसूल होऊ शकतं. काहीच जमलं नाही तर वर्गणी शेवटी आपोआप संपते, पण तोवर ती लोंबकळत असते. आणि तुमच्या बाबतीत ही सूचना कोणाच्या हातात पडणार? कोल्हापुरात गेम खेळणाऱ्या मुलाच्या. त्यानं निळं बटण दाबलं की झालं.

म्हणून आधी प्ले स्टोअरमधून वर्गणी रद्द करायची आणि मग मॅन्डेट बघायचा. आज रविवार, पुढचा हप्ता गुरुवारी २२ ला. वेळ आहे.

ताईंना फोन करा. जुन्या फोनवर ते खातं अजून उघडं असेल तर पासवर्डची गरजच नाही. तिथेच प्ले स्टोअर उघडून यादी बघता येईल.

---

मधुमालती | १८ मे, सकाळी ९.४०

आणि तो फोन मोडीत गेला असता तर?

---

डोंगरवाट | १८ मे, सकाळी ९.५८

तर आधी खात्याचा पत्ता शोधायचा. `accounts.google.com/signin/usernamerecovery` इथे मोबाइल नंबर आणि खात्यावरचं नाव टाकलं की, तो नंबर खात्याला जोडलेला असेल तर, ओटीपी येऊन पत्ता कळतो. मग पासवर्ड बदलून संगणकावर `play.google.com/store/account/subscriptions` उघडायचं. तीच यादी तिथे दिसते. अडचण दुकानातल्या खात्यांची. कधी पोरगं स्वतःचाच नंबर टाकून मोकळं होतं, नाव भलतंच देतं. असं झालं तर मात्र सदाशिवपेठींचा मॅन्डेटचा उपायच हातात राहतो.

---

न्यूजर्सीकर | १८ मे, सकाळी १०.२०

इकडे रात्र आहे, पण विषय जिव्हाळ्याचा म्हणून लिहिते. आमच्याकडे सगळे आयफोनवाले. फॅमिली शेअरिंगमुळे पैसे माझ्या कार्डातून जातात, पण मुलीनं तिच्या आयपॅडवर घेतलेली चित्रकलेची वर्गणी मला माझ्या फोनवरून बंद करता येईना. मेलमध्ये ॲपलची पावती शोधली, तर खरेदी कोणत्या खात्यानं केली ते त्यावरच लिहिलेलं होतं. मुलीचं खातं. मग तिच्या आयपॅडवर `Settings`, सगळ्यात वर तिचं नाव, त्यात `Subscriptions`, आणि तिथून रद्द. पैसे भरणारा वेगळा आणि रद्द करू शकणारा वेगळा, ही गंमत तिकडे आहे तशी इकडेही.

फुकट चाचणी असेल तर ॲपलवाले किमान २४ तास आधी रद्द करायला सांगतात. शेवटच्या संध्याकाळी आठवून उपयोग नाही.

---

कृष्णाकाठ | १८ मे, दुपारी १.३५

सापडलं!!

ताईनं व्हिडिओ कॉल लावला, मी सांगत गेलो. जुन्या फोनवर दुकानवाल्या पोरानं काढलेलं खातं जसंच्या तसं. यादीत दोन नोंदी:

एक, कागद स्कॅन करून पीडीएफ करायचं ॲप, आठवड्याला १८९ रुपये, पुढचा हप्ता २२ मे.
दुसरी, पंचांगाचं ॲप, वर्षाला २९९ रुपये, पुढचा हप्ता नोव्हेंबरात.

अण्णांना विचारलं. पंचांग त्यांनी जाणूनबुजून घेतलंय, "त्याला हात लावू नकोस" म्हणाले. (सदाशिवपेठी, दोन्ही मॅन्डेट उडवले असते तर एकादशीला माझी खैर नव्हती.) आणि स्कॅनर? मार्चमध्ये तलाठ्याकडे सातबाऱ्याची पीडीएफ द्यायची होती, म्हणून शेजारच्या मुलानं सांगितलेलं ॲप घेतलं. "तीन दिवस फुकट" असं वाचलं. ३ मार्चला पिन टाकला, ६ ला पहिला हप्ता गेला.

"फुकट होतं तर पिन कशाला टाकलात?" म्हटलं. म्हणाले, "मागितला म्हणून टाकला."

---

मधुमालती | १८ मे, दुपारी १.५०

हे वाक्य घरोघरी फ्रेम करून लावायला हवं.

पण एक कळलं नाही. पिन एकदाच टाकला ना? मग नंतर अकरा वेळा पैसे पिनशिवाय कसे गेले?

---

डोंगरवाट | १८ मे, दुपारी २.३०

त्या एका पिननं पुढच्या सगळ्या हप्त्यांना मंजुरी मिळाली. रिझर्व्ह बँकेचे आपोआप हप्त्यांचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले. अशा वर्गण्यांना पिनशिवाय जाण्याची मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० केली. १८९ रुपये त्याच्या कितीतरी खाली. मात्र हप्ता जाण्याच्या किमान २४ तास आधी कळवणं बंधनकारक आहे. अण्णांच्या फोनवर दर बुधवारच्या आसपास तसा मेसेज किंवा सूचना आलेली असणार. बघा.

आता रद्द करताना. ॲपच्या नावावर टिचकी मारून `Cancel subscription` दाबायचं. मग कारण विचारतात. काही ॲप्स मध्येच सवलत दाखवतात, काही `Pause` सुचवतात. थांबवणं म्हणजे रद्द करणं नव्हे, मुदत संपली की हप्ता पुन्हा सुरू होतो. शेवटच्या पडद्यापर्यंत जाऊन पुन्हा एकदा `Cancel subscription` दाबलं तरच ते होतं. झालं की त्या खात्यावर मेल येतो, आणि यादीत पुढच्या हप्त्याच्या तारखेऐवजी वर्गणी कधी संपणार ते दिसतं. पैसे भरलेत म्हणून २२ पर्यंत ॲप चालू राहील, त्यानं घाबरू नका.

---

कृष्णाकाठ | १८ मे, दुपारी ३.०५

केलं. भाच्यानं दोनदा मागचं बटण दाबलं, तिसऱ्यांदा जमलं. मेलही आला, ताईनं वाचून दाखवला.

अण्णांच्या मेसेजमध्ये बुधवारच्या सूचनाही सापडल्या, अकराच्या अकरा. "बँकेचे मेसेज रोजच येतात" असं उत्तर.

आता सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. अण्णांनी नव्या फोनवरही तेच स्कॅनर ॲप टाकलंय, पण नव्या खात्यावर. त्यामुळे तिथे ते फुकट्यांसारखं चालतं, प्रत्येक पानावर ॲपचा शिक्का. मी कालच म्हटलं होतं, "हे तर फुकट ॲप दिसतंय, यात काही नाही." म्हणजे पाडव्यापासून, ३ एप्रिल ते १५ मे, सात हप्ते, १,३२३ रुपये, आणि ॲपची पैसे भरलेली सोय कोणी वापरतच नव्हतं!

हे परत मिळतील?

---

सदाशिवपेठी | १८ मे, दुपारी ३.१८

पंचांगाबद्दल माघार घेतो. बाकी मॅन्डेटबद्दलचं मत कायम.

पैशांसाठी बँकेत तक्रार टाका. हे व्यवहार माझे नाहीत म्हणून सांगा, परत करतात.

---

डोंगरवाट | १८ मे, दुपारी ४.१०

बँकेकडे जाऊ नका असं मी म्हणेन. मंजुरी अण्णांच्याच पिननं आहे, सूचनाही आल्यात. "मी केलंच नाही" असं लिहून देणं खोटं होईल, आणि बँक ते तपासू शकते.

गुगलकडे थेट परतावा मागायची सोपी मुदत खरेदीपासून ४८ तासांची. १५ ची खरेदी, १७ ला ती संपली. त्यानंतर ॲप बनवणाऱ्याकडे मागायचं. प्ले स्टोअरवर ॲपच्या पानावर त्यांचा मेल असतो. पावत्यांवरचे `GPA` नंबर द्या आणि सरळ लिहा: फोन बदलल्यावर या खात्यावरून ॲप वापरलेलं नाही, सात हप्त्यांचे नंबर हे. वापर झाला नाही हे त्यांना त्यांच्या बाजूनं बहुधा बघता येईल. देतीलच असं नाही. मी दोनदा मागितलं, एकदा मिळालं.

---

बोरीवली_लोकल | १८ मे, संध्याकाळी ६.४५

धागा वाचून माझी यादी उघडली. दोन निघाली, रद्द केली. पण एका ओटीटीचे पैसे दरमहा जातात आणि ते यादीत नाही. खातंही एकच आहे. आता?

---

डोंगरवाट | १८ मे, संध्याकाळी ७.००

वेबसाइटवर जाऊन कार्डानं घेतलं असणार. प्लेच्या यादीत फक्त प्लेमार्फत पैसे जातात तेवढंच दिसतं. पासबुकातल्या किंवा कार्डाच्या नोंदीत गुगलऐवजी त्या कंपनीचंच नाव असेल. त्यांच्या साइटवर लॉगिन करून रद्द करा.

---

कृष्णाकाठ | २३ मे, सकाळी ७.५०

अहवाल. बुधवारी मेसेज नाही, काल गुरुवारी पैसे नाहीत. काल संध्याकाळी मॅन्डेटही रद्द केला, आठवड्याचा तेवढाच. पंचांगाचा तसाच ठेवला.

ॲपवाल्यांना मेल केला होता. शेवटच्या एका हप्त्याचे १८९ परत देतो म्हणाले, अजून आलेले नाहीत. बाकी सहांबद्दल बोलायला तयार नाहीत. पुन्हा लिहू की सोडून देऊ?

दुसरा घोळ म्हणजे जुन्या फोनवरून अण्णांचं खातं काढायचंय. पण ताईनं एप्रिलमध्ये भाच्याच्या गेमसाठी स्वतःचं कार्ड त्याच खात्यात टाकलंय, आणि गेमची सगळी प्रगतीही त्याच खात्यावर. खातं काढलं तर गेम जाईल म्हणून भाच्यानं जेवण सोडलंय. आणि पंचांगही तिथेच.

---

मधुमालती | २३ मे, सकाळी ८.१५

एकदा पुन्हा लिहाच, मेल लिहायला काय लागतं.

---

डोंगरवाट | २३ मे, सकाळी ९.३०

खातं पुसू नका, हलवा. जुन्या फोनवरून पासवर्ड बदलून घ्या, मग तेच खातं अण्णांच्या नव्या फोनवर दुसरं म्हणून जोडा. पंचांग तिथे चालेल, पावत्याही दिसतील. ताईंचं कार्ड मात्र आजच काढा: प्ले स्टोअरमध्ये `Payments & subscriptions`, त्यात `Payment methods`. मी वर बॅकअपबद्दल लिहिलं तेव्हा मला हे कार्ड माहीत नव्हतं. नुसता मॅन्डेट उडवला असता तर पुढचे १८९ कदाचित ताईंकडून गेले असते.

गेमचं मला माहीत नाही. काही गेम स्वतःचं लॉगिन ठेवतात, काही गुगलवर अवलंबून असतात. गेमच्या सेटिंगमध्ये बघितल्याशिवाय फोन रीसेट करू नका, नाहीतर उपोषण लांबेल.

आणि अण्णांना सातबाऱ्यासाठी: गुगल ड्राइव्हमध्ये कागद स्कॅन करून पीडीएफ करता येते, नवीन फोनवर बहुधा आधीपासूनच आहे. शिक्का येत नाही.

---

कृष्णाकाठ | २३ मे, रात्री ८.०५

ड्राइव्हनं सातबारा झाला. अण्णांनी मलाच पाठवला, उलटा.

कार्ड काढलं. भाचा जेवला, पण खात्याचा निर्णय रविवारी कोल्हापूरला गेल्यावर.